खोडून उरलेली चार वाक्यं

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी एक वाजून वीस मिनिटे

ताई,

आत्ता मी धुलाईघराच्या कोठीत, उशांच्या अभ्र्यांच्या गठ्ठ्यावर बसून डबा खातो आहे. एका हाताने खातो आणि दुसऱ्याने लिहितो, म्हणून अक्षर तिरकं आलं तर समजून घे. कागदाला तेल लागू दिलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं असलं तरी माणूस आधी वाचतो, असा माझा हिशेब आहे. बारावीची परीक्षा न देता मी इथे कामाला लागलो त्याला तीन वर्षं होत आली. त्या दिवशी तू जे बोललीस ते मी उगाळत बसणार नाही. मला फक्त एका मजकुरात मदत हवी आहे. माझे निबंध तू तपासायचीस तसा एक छोटा मजकूर तपासून दे, एवढंच.

आधी चांगली बातमी. सप्टेंबरपासून मी पाळीप्रमुख आहे. सकाळच्या पाळीतली पाच माणसं माझ्या हाताखाली. बाबांनी ही गोष्ट गल्लीत इतक्यांना सांगितली आहे की मला दूधवालासुद्धा साहेब म्हणतो. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं आमच्याकडे येतं. मामा, म्हणजे इथल्या सगळ्यांचेच मामा, ते मोठ्या यंत्रात धुतात. त्यांना सगळे पैलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडतील असे आहेत. ओल्या चादरी रोलरवर जातात. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेपेक्षा जाड, तापलेला, फिरणारा लोखंडी दंडगोल. काकू एका बाजूने चादर त्यात सरकवतात आणि पलीकडे दोघी जावा ती झेलून घडी घालतात. या सख्ख्या जावा आहेत आणि घरचं भांडण इथे आणून पूर्ण करतात. पाचवा गाडीवाला, तो माल नेतो आणि सगळ्यांची टिंगल करतो.

रोज पाळीच्या आधी रोलरपाशी उभ्याउभ्या मीटिंग होते. प्रत्येकाने कालची एक अडचण सांगायची असा नियम आहे. सांगून झालं की मी दिवसाचं काम वाटून देतो.

गेल्या गुरुवारच्या, म्हणजे सहा तारखेच्या मीटिंगमध्ये थोडं बोलणं झालं. फार काही नाही. धुलाईघराचे मोठे साहेब बाजूला उभे होते, इस्पितळाचा माल मागे पडला होता आणि काकू नेहमीप्रमाणे गाऱ्हाणं सांगत होत्या. मी जरा कडक बोललो. कोणीही बोललं असतं.

तेव्हापासून मीटिंगमध्ये माझी पाळी आल्यासारखं मीच बोलतो. अडचण विचारली की मामा म्हणतात, "काही नाही." काकू म्हणतात, "काही नाही." थोरली जाऊ, "काही नाही." धाकटी मान हलवते. गाडीवाल्याला एकही टिंगल सुचत नाही.

म्हणून वाटलं, दोन शब्द दिलगिरीचे बोलून टाकावेत. मजकूर लिहितो आणि पुढच्या पत्रात पाठवतो. तू नको म्हणालीस तरी पाठवणार आहे, म्हणून नको म्हणायचा त्रास घेऊ नकोस.

तुझा भाऊ

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ताई,

पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे, कारण इथे दिवस निघत नाही.

तुला वाटेल, माणसं गप्प आहेत तर बरंच की, काम नीट होत असेल. होतं ना! मी सांगेन ते आणि तेवढंच होतं. काल मी म्हणालो, "मामा, दुसऱ्या यंत्रात डगले टाका." त्यांनी टाकले. साबण टाका असं मी म्हणालो नव्हतो, तर साबण टाकला नाही. अख्खा घाणा नुसत्या पाण्यात फिरला. मी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही सांगितलं नाही, साहेब." मला ते साहेब म्हणाले, ताई. तीन वर्षं मी त्यांचा "पोऱ्या" होतो.

भांडले असते तर भांडण मिटवता आलं असतं. ही माणसं इतकी आज्ञाधारक झाली आहेत की पकडायला जागाच नाही. कोठीत जेवायला मी आता एकटाच असतो. ते पाचही जण मागच्या पायऱ्यांवर बसतात. तिथून हसण्याचा आवाज येतो आणि मी दाराशी गेलो की थांबतो.

मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, मीटिंगमध्ये दिलगिरी व्यक्त करावी म्हणतो. ते हसले. म्हणाले, "अरे, पहिल्यांदाच तू साहेबासारखा बोललास, आणि आता शेपूट घालतोस? एकदा माफी मागितलीस की रोज मागायला लावतील. फारच टोचत असेल तर फोनवरच्या ग्रुपवर हात जोडल्याचं एक चित्र टाकून दे."

मी ते टाकणार होतो. बोट वर नेऊन पुन्हा मागे घेतलं. बोललो सगळ्यांच्या तोंडावर आणि माफी चित्रातून, हे मलाच पटेना.

घरी सांगायची सोय नाही. बाबा जेवताना विचारतात, "काय म्हणते तुझी फौज?" मी म्हणतो, "मजेत." मग ते पुढचा घास खुशीने घेतात.

हा मजकूर. खोड, बदल, जे करायचं ते कर.

"माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, दि. ६ नोव्हेंबर रोजी मीटिंगमध्ये कामाच्या ताणामुळे व मोठे साहेब उपस्थित असल्यामुळे माझ्याकडून काही शब्द गेले. त्यामागे कोणालाही दुखावण्याचा हेतू नव्हता. तरी कोणाचं मन दुखावलं असेल तर मी दिलगीर आहे. परंतु आपणही लक्षात घ्यावं की माल वेळेवर जाणं ही आपली सर्वांची जबाबदारी आहे व रोजरोज त्याच तक्रारी केल्याने वेळ जातो. मी वयाने लहान असून मला या पदाची सवय नाही. आपण मोठ्या मनाने मला क्षमा कराल ना? यापुढे आपण सर्व मिळून खेळीमेळीने काम करू या. कोणी अडचण सांगितली तर मी ती ऐकून घेईन."

हे चार वेळा लिहून काढलं आहे. चूक एकही नसावी.

तुझा भाऊ

बुधवार, १९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पाकीट आलं. पत्त्यावरचं अक्षर पाहून मी ते तीन माणसांच्या देखत उघडलं नाही, कोठीत जाऊन उघडलं. आत माझाच कागद होता. "काही शब्द" या दोन शब्दांखाली रेघ आणि बाजूला तुझा प्रश्न: "कोणते?"

बाकी कोरं. खुशाली नाही की शिव्या नाहीत. नुसतं "कोणते?" दोन दिवस मला तुझा राग आला. म्हटलं, एवढा सुंदर मजकूर आणि हिला चौकशी सुचते.

आज सांगतो, कारण आज सकाळी जे पाहिलं त्यानंतर लपवण्यात अर्थ नाही.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. चादर सरकवताना हात फार आत गेला तर तो पट्टीला लागतो आणि रोलर जागीच थांबतो. तिच्या भरवशावर काकूंचे हात रोज त्या तापलेल्या लोखंडाच्या वीतभर अंतरावर असतात. सहा तारखेला काकूंनी मीटिंगमध्ये जे सांगितलं ते हे होतं: "ही पट्टी मला बरी वाटत नाही."

आता काकूंचं कसं आहे, त्यांना काहीच बरं वाटत नाही. पंखा बरा वाटत नाही, चहा बरा वाटत नाही, धाकटीची घडी बरी वाटत नाही. साहेब घड्याळ बघत होते. मी म्हणालो, "काकू, तुमचं रडगाणं पुरे." त्या म्हणाल्या, "अरे पण ऐकून तरी घे." तेव्हा मी सगळ्यांकडे बघून म्हणालो:

"तुम्हा लोकांना डोकं असतं तर इथे दुसऱ्यांच्या घाणेरड्या चादरी धूत बसला नसता."

वाचलंस ना? ओळखलंस? हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. मी परीक्षा सोडली त्या दिवशी तू उंबऱ्यात उभी राहून मला म्हणालीस, "तुला डोकं असेल तर दुसऱ्यांच्या घाणेरड्या चादरी धूत आयुष्य काढणार नाहीस." तीन वर्षं ते माझ्या पोटात होतं आणि तिथून ते बाहेर येऊन काकूंना लागलं. म्हणून मी तुला ते लिहीत नव्हतो. तुला लिहिलं असतं तर तुझ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगू, मला ढकलायचंच होतं.

आता सकाळचं. कचऱ्याच्या डब्यात मला एक हातमोजा दिसला. चार बोटं करपून चपटी झालेली. काकू घरगुती मोजे घालतात ते पांढरे, हा निळा होता, म्हणजे धाकटीचा. काकू चहाला गेल्या की धाकटी त्यांच्या जागी उभी राहते. मी मोजा घेऊन दोघी जावांकडे गेलो.

"हे काय झालं?"

धाकटी थोरलीकडे बघायला लागली. एरवी दोघींचं एका वाक्यावर एकमत नसतं. थोरली म्हणाली, "मोजा जुना झाला होता."

"हात दाखवा."

धाकटीने हात दाखवला. हात ठीक होता. मोजा सैल होता म्हणून ठीक होता.

मी स्वतः पट्टीला काठी लावून पाहिली. दहा वेळा लावली, दहाही वेळा रोलर टकन थांबला. फिटरला बोलावलं. त्याने उघडून पाहिलं आणि काखा वर केल्या. "मी आहे तोवर ही शहाण्यासारखी वागते. कधी अडकते ते सांगा. सकाळी की दुपारी, कोरड्या मालावर की ओल्या, तेवढं कळलं तर मी शोधतो. नाही तर कुठे म्हणून उघडू?" मी काकूंकडे पाहिलं. काकू रोलरकडे बघत म्हणाल्या, "आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

त्या खोचक बोलल्या नाहीत, ताई. अगदी साधेपणाने बोलल्या.

साहेबांना म्हटलं, रोलर बंद ठेवू. ते म्हणाले, "कशासाठी? फिटर म्हणतो ठीक आहे. रोलरवरच्या माणसाने तक्रार दिली तर थांबवता येतं, तसा नियम आहे. दे ना तक्रार." तक्रार देणाऱ्यांची तोंडं मी बंद करून बसलो आहे. रोलर चालू आहे. मी दिवसभर त्याच्या बटणाशी उभा असतो, आणि मी उभा असलो की पट्टी शहाण्यासारखी वागते.

सोबत दुसरा मजकूर पाठवतो. यात वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. ते मला कोणी म्हटलं होतं हेही, नाव न घेता, लिहिलं आहे. म्हणजे त्यांना कळेल की मी मुळात तसा नाही. लवकर पाठव. पायऱ्यांवरचं हसणंसुद्धा आता बंद झालं आहे.

तुझा भाऊ

सोमवार, २४ नोव्हेंबर

ताई,

कागद मिळाला. इतकं खोडलेलं मी माझ्या कुठल्या निबंधात पाहिलं नव्हतं. आधी वाटलं, तू मला परीक्षेत नापास करते आहेस. मग टेबलावर पसरून एकेक रेघ का मारली असेल याचा विचार करत बसलो.

"कामाच्या ताणामुळे" खोडलंस. ताण त्यांनाही होता. "साहेब उपस्थित असल्यामुळे" खोडलंस. "हेतू नव्हता" खोडलंस. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण मला वाटत होतं तेच मुख्य आहे. पण मोजा करपला तेव्हा माझा हेतू कुठे आडवा आला? "मन दुखावलं असेल तर" यातलं "असेल तर" खोडलंस आणि मग उरलेलंही खोडलंस. "परंतु आपणही लक्षात घ्यावं" वर तर अशी रेघ ओढलीस की कागद फाटला आहे. "मी वयाने लहान" खोडलंस. "क्षमा कराल ना" वर खोडून बाजूला लिहिलंस: "साहेबांसमोर विचारशील तर सगळे हो म्हणतील. ती त्यांच्यावर सक्ती होईल." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्यांच्याकडून दुसरी आज्ञा पाळून घेणार होतो.

आणि ज्या वाक्यात मी लिहिलं होतं की हे मला एका जवळच्या माणसाने ऐकवलं होतं, तेही खोडलंस. त्याच्या खाली पेन्सिलीने बारीक: "ते माझं होतं. त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, वेगळं. तुझ्या माफीत ते घालू नकोस."

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. तू वेगळं म्हणालीस, तर वेगळंच.

"ऐकून घेईन" याच्यापुढे तू प्रश्नचिन्ह केलंस. ऐकून पुढे काय करणार, असंच ना? ते मी ठरवून लिहिलं. खोडून आता चार वाक्यं उरली आहेत. एका दमात म्हणून होतात.

काकूंना आधी एकट्यांना भेटलो. सुटल्यावर फाटकाशी गाठलं. म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी तुमचं बोलणं तोडलं आणि रडगाणं म्हणालो. ते चुकलं. मला माफी मागायची आहे तुमची." त्या पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिल्या.

"झालं?"

"उद्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोरही बोलणार आहे. तुमचं नाव घेतलं तर चालेल का?"

"अजिबात नको. चारचौघांत माझं नाव घेशील आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतील, मी रडते का म्हणून. मी नाही रडायची." मग दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "आणि रडगाणं वगैरे मला घरी नवरा रोज म्हणतो. त्याचं काही नाही. ते दुसरं बोललास ना, सगळ्यांना. माझ्या मुलीला मी सांगते, आई इस्पितळात काम करते. त्या दिवशी घरी जाऊन तिच्याकडे बघवेना मला."

मी म्हणालो, "हो."

"हो काय हो? बस गेली माझी," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

साहेबांनाही सांगून ठेवलं, विचारलं नाही. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "बघ बाबा, मग खुर्ची सांभाळता आली नाही तर माझ्याकडे येऊ नकोस." पाळीप्रमुखाला खुर्ची नसते, ताई. आम्ही उभेच असतो. पण मला कळलं त्यांना काय म्हणायचं आहे ते.

घरी बाबांनी माझ्यासाठी नवीन शर्ट आणला आहे. "प्रमुखाने असं चुरगळलेलं जायचं नाही." तो घालूनच उद्या माफी मागायची आहे. हसू येतं आणि येतही नाही.

तुझा भाऊ

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ताई,

बोललो.

कागद खिशातच ठेवला. पाठ होतं. सगळे नेहमीच्या जागी उभे होते, साहेबही मुद्दाम येऊन दाराला टेकले होते. अडचणी विचारायच्या आधीच बोललो, म्हणजे ते "काही नाही"च्या रांगेत अडकायला नको. हे म्हणालो:

"सहा तारखेला मी या मीटिंगमध्ये म्हणालो की तुम्हाला डोकं असतं तर तुम्ही इथे दुसऱ्यांच्या घाणेरड्या चादरी धूत बसला नसता. ते खोटं होतं आणि तुमचा अपमान करणारं होतं. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो. यापुढे यंत्राबद्दल कोणीही काही सांगितलं तर ते तपासून होईपर्यंत मी यंत्र बंद ठेवीन."

बस. वाक्य पुन्हा तोंडातून काढताना "घाणेरड्या" या शब्दावर आवाज फाटला. पुढे काहीतरी जोडावं असं फार वाटत होतं. "मला खरंच फार वाईट वाटतं" हे ओठांवर आलं होतं. दात आवळून उभा राहिलो. वाफेच्या नळीचा आवाज तेवढा चालू होता. मला वाटलं होतं, निदान मामा तरी "असू दे रे पोऱ्या" म्हणतील. नाही म्हणाले. गाडीवाला बुटाच्या टोकाने फरशी खरवडत होता. मी आतून ओरडत होतो की बोला कोणीतरी, आणि बाहेरून गप्प होतो, कारण तू लिहिलं होतंस, सक्ती.

मग मी नेहमीसारखं विचारलं, "कालची अडचण?"

मामा म्हणाले, "काही नाही."

काकू म्हणाल्या, "काही नाही."

थोरली म्हणाली, "काही नाही."

धाकटीची पाळी आली. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली छताकडे बघत होती. धाकटी म्हणाली, "गेल्या आठवड्यात माझा मोजा गेला."

थोरली म्हणाली, "जुना होता, सांगितलं ना त्यांना."

"जुना नव्हता. जाऊबाई, तुमच्याच पुतणीने दिवाळीला आणला होता बाजारातून, तुम्हाला माहीत आहे. पट्टी लागली, रोलर थांबलाच नाही. मी हात ओढला म्हणून वाचले." ती माझ्याकडे वळली. "कोरड्या मालावर होत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या जाड चादरी सलग आल्या ना, चांगल्या ओल्या, की मग होतं. वाफ धरते आणि पट्टी जड होते. पाच-सहा चादरींनंतर. तुम्ही काठी लावली तेव्हा रोलर कोरडाच होता."

"पाच-सहा नाही," काकू म्हणाल्या. त्यांना राहवलं नाही. "चार. चौथीलाच जड लागते."

"चौथीला तुम्हाला लागते, तुमचा हात जड आहे."

"माझा हात जड?"

ताई, त्या दोघी भांडायला लागल्या आणि मला गुडघ्यावर बसून रडावंसं वाटलं. पण तेवढा वेळ नव्हता. कारण आज सकाळी गाडीत नेमका तोच माल आला होता, जाड, ओला, आणि साहेब म्हणाले, "बरं, झालं बोलून? दुपारी फिटरला बोलावू. आधी हा माल काढा. इस्पितळवाले थांबणार नाहीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा कळलं की माफी मघाशी झालीच नव्हती, आत्ता होणार होती. तीन वाक्यं बोलून झाली होती, चौथं करायचं होतं.

मी मुख्य बटण खाली केलं. रोलर फिरत फिरत थांबला. पाठ फिरवून उभा राहिलो, कारण साहेबांचं तोंड बघितलं असतं तर पुन्हा चालू केलं असतं.

साहेब म्हणाले, "इकडे ये."

केबिनमध्ये ते एवढंच म्हणाले की फिटरला बोलव, तुझं उद्या बघतो. फिटर आला, त्याने चार ओल्या चादरी सलग घालायला लावल्या, काठी लावली, आणि रोलर काठी चावून आत घेऊन गेला. काकूंनी हात पदराखाली घेतले. पट्टीच्या बिजागरीत सुताचा लगदा साचून स्प्रिंग गंजली आहे, असं फिटर म्हणाला. नवी शुक्रवारी येईल. जाड चादरी आम्ही सहाही जणांनी दोऱ्यांवर वाळत घातल्या आणि हाताने ओढून सरळ केल्या. माल निम्माच गेला.

तुझा भाऊ

बुधवार, २६ नोव्हेंबर

ताई,

केबिनचं.

आज साहेबांनी पुन्हा आत बोलावलं. ओरडले नाहीत. समजावणीच्या सुरात बोलले, त्याचीच मला भीती वाटते. इस्पितळाकडून फोन आला होता. ते म्हणाले, "चूक कोणाची तरी दाखवावी लागेल. गुरुवारच्या मीटिंगला इस्पितळाचा माणूस येतोय. तू सगळ्यांसमोर सांग की यंत्र बंद करणं हा तुझा उतावीळपणा होता, आणि माफी माग. दोन ओळी बोल. तुला तर आता छान जमतं." फिटरने बिजागरी साफ करून तेल दिलं आहे, तेवढ्यावर शुक्रवारपर्यंत चालवू, असं त्यांचं म्हणणं. "तेल दिलंय म्हणजे चालेल," असं फिटर म्हणाला का, हे मी फिटरला विचारलं. तो म्हणाला, "मी असं कुठे म्हणालो? मी साफ केलं एवढंच म्हणालो."

मी साहेबांना म्हणालो, "मला ती माफी मागता येणार नाही."

"का? काल मागितलीस ना?"

"म्हणूनच."

त्यांना ते कळलं नाही. मलाही बोलल्यावर कळलं. कालची माफी खरी होती. उद्या तिथेच, त्याच माणसांसमोर, उभं राहून खोटी मागितली तर कालचीही खोटी होते. चार वाक्यं घालवायला दोन ओळी पुरतात.

ते म्हणाले, "ठीक आहे. मग उद्यापासून मीटिंग मी घेतो. तू रोलरवर उभा राहा, काकूंच्या जोडीला. महिनाअखेरीला बघू ठेवायचं की नाही ते."

म्हणजे उद्या सकाळी मी त्या पाच जणांच्या रांगेत सहावा असेन. साहेब अडचण विचारतील, मग रोलर चालू करा म्हणतील. इस्पितळाचा माणूस हातात वही घेऊन उभा असेल. आज पाळी सुटताना मी सगळ्यांना सांगून टाकलं की उद्यापासून बटण माझ्या हातात नाही, म्हणून माझ्या भरवशावर राहू नका. दिलेला शब्द मला एकट्याला आता पाळता येणार नाही, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. मामा नुसते "बरं" म्हणाले. धाकटीने विचारलं, "मग आम्ही बोललो ते फुकट गेलं का?" थोरली तिला म्हणाली, "चल आता, घरी पोरं खोळंबली असतील."

त्या काय करतील ते मला माहीत नाही. त्यांना घरं आहेत, भाडी आहेत. साहेबांसमोर गप्प बसल्या तर मी त्यांना एका शब्दाने दोष देणार नाही. मी मात्र नवी स्प्रिंग बसेपर्यंत त्या रोलरला हात लावणार नाही, आणि काकूंनी लावायचा म्हटलं तर मध्ये उभा राहीन. मग मला काढतील. काढलं तर बारावीचा अर्ज पुन्हा भरता येतो का, हे तू मला सांगू नकोस, निदान आज नको.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते खाली दूधवाल्याशी बोलत आहेत. खिडकीतून ऐकू येतं आहे, "आमच्या मुलाच्या हाताखाली आता पाच माणसं." जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं. वर आले की सांगतो. या खोलीला दुसरं दार नाही.

तुझा भाऊ